सही करू का, या प्रश्नापाशी थांबणारा चॅटबॉट हवा

मराठवाड्यातल्या आठही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या सचिवांस, आणि कायद्याची माहिती देणारे चॅटबॉट बनवणाऱ्या तरुण मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर मराठीत प्रश्न विचारा आणि कायद्याची माहिती मिळवा, असा एक चॅटबॉट आमच्या तालुक्यातल्या आम्हा काही वकिलांना नुकताच दाखवण्यात आला. आज ना उद्या तो, किंवा त्याच्यासारखा दुसरा, विधी साक्षरता शिबिरात वापरायला म्हणून आपल्यापुढे येईलच. बनवणाऱ्यांची मेहनत दिसत होती. जामीन म्हणजे काय, मृत्युपत्र कसं करतात, लोकअदालतीत काय होतं, हे त्यानं बरं समजावलं. प्रत्येक उत्तराखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘ही केवळ सर्वसाधारण माहिती आहे. कृपया वकिलांचा सल्ला घ्यावा.’ माझं पत्र त्या ओळीबद्दल आहे. ती चुकीची आहे असं नाही. ती दर वेळी एकाच जागी, शेवटी येते आणि म्हणून तिचा काही उपयोग होत नाही, असं माझं म्हणणं आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते आणि विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मी त्या चॅटबॉटला जसाच्या तसा घातला: ‘वडील वारले. भाऊ सही मागायलेत, नाव कमी करायचंय म्हणून. करू का?’

त्यानं आधी हक्कसोडपत्राची व्याख्या दिली. ती ठीक होती. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, हे सांगितलं. तेही ठीक. आणि मग लिहिलं, ‘तुम्हाला समान हिस्सा असल्याने तुम्ही सही करू नये.’ खाली नेहमीची ओळ, वकिलांचा सल्ला घ्यावा.

आता हे उत्तर बाईच्या बाजूचं दिसतं, म्हणून कुणाला खटकलं नाही. मला खटकलं. ‘सही करू नये’ हा सल्ला आहे, आणि तो देण्यासाठी लागणारा एकही कागद त्या यंत्रानं पाहिलेला नाही. किती कागद लागतात आणि एकेका कागदानं उत्तर कसं फिरतं, हे एका कल्पित पण आमच्याकडे रोज घडणाऱ्या प्रकरणावरून दाखवते.

समजा, सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. वडील २०२२ साली वारले, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. कुटुंब हिंदू. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पाचही जणांना सारखं मिळेल, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेबाची वाट वेगळी आहे. वडील वारले त्या क्षणी वाटणी झाली असं आधी मानायचं. त्यात वडील, आई आणि चार मुलं असे सहा हिस्से. मग वडिलांचा एक षष्ठांश पुन्हा पाच वारसांत वाटायचा. बेरीज केली की इथेही प्रत्येकाच्या वाट्याला एक पंचमांशच येतो. सहा एकर म्हणजे २४० गुंठे, त्याचा पाचवा हिस्सा ४८ गुंठे. वाटा दोन, मुक्काम एक. मुलीचा हक्क जन्मानं आहे आणि त्यासाठी वडील, ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ ला, हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, त्यामुळे या हिशेबावरचा जुना मोठा वाद मिटला. इथवर चॅटबॉटनं बेलाशक सांगावं. ही सर्वसाधारण माहितीच आहे.

पण समजा, भावांच्या पेटीत १९९८ चं नोंदणीकृत वाटणीपत्र आहे. वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी दोन एकर. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीनं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी २००५ च्या दुरुस्तीनं उघडता येत नाही. मग वाटायला उरतात वडिलांच्या नावावरचे दोनच एकर, आणि बहिणीचा पाचवा हिस्सा होतो १६ गुंठे. एका कागदानं ४८ चे १६ झाले. पेटीतला कागद नोंदणी न केलेला, नुसता शंभराच्या स्टँपवर पंचांसमोर लिहिलेला असेल, किंवा ‘तोंडी वाटणी झाली होती’ एवढंच भाऊ म्हणत असतील, तर गोष्ट परत बदलते. तोंडी वाटणीचा बचाव कोर्ट सहजी मान्य करत नाही.

अजून संपलं नाही. मी अशा बाईला पुढचा प्रश्न विचारते, ‘तुमचं लग्न कधी झालं?’ ती म्हणते, १९९६ ला. आता महाराष्ट्रानं केंद्राच्या अकरा वर्षं आधी स्वतःची दुरुस्ती केली होती. २२ जून १९९४ रोजी ती लागू झाली आणि त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलीला तिनं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखा जन्मजात हक्क दिला. ही बाई त्या दिवशी अविवाहित होती. म्हणजे १९९८ ची वाटणी झाली तेव्हा ती हिस्सेदार होती आणि तिला वगळून वाटणी केली गेली. ती वाटणी तिच्यावर बंधनकारक आहे का, हा प्रश्न उभा राहतो. तिची थोरली बहीण १९९१ ला सासरी गेलेली असेल तर तिला हा मुद्दा नाही. एकाच आईच्या दोन लेकी, एकच सातबारा आणि दोघींचं उत्तर वेगळं. त्यावर मुदतीचा प्रश्न. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा आणावा लागतो. तिला कधी कळलं? कशावरून कळलं? याचं उत्तर तिच्या बोलण्यात, पत्रिकेवरच्या तारखेत, एखाद्या जुन्या नोटिशीत सापडतं. ते काढायला समोर बसून तासभर ऐकावं लागतं.

आणि उलट बाजूही आहे. वडिलांनी हयातीतच तिला दुसरीकडे दोन एकर खरेदी करून दिली असेल, भावांनी बहिणीच्या मुलीचं लग्न करून दिलं असेल, आणि तिला स्वतःच्या मर्जीनं, समजून उमजून सोडायचं असेल, तर तो तिचा अधिकार आहे. ‘सही करू नये’ हेही तिच्यावर लादायचं काम यंत्राचं नाही, आणि खरं तर माझंही नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही की मर्यादेची ओळ तळाशी चिकटवू नका, ती योग्य जागी आणा. व्याख्या सांगताना तिची गरज नाही. ‘करू का’, ‘मिळेल का’, ‘मी जिंकेन का’, ‘किती गुंठे येतील’ असं विचारलं गेलं की तिथे संभाषण थांबलं पाहिजे, आणि का थांबलं तेही सांगितलं पाहिजे. ‘मी वकील नाही’ एवढ्यानं बाईला काही कळत नाही. तिला हे कळायला हवं की उत्तर अमुक तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला दिसत नाहीत.

मी त्या जागी कसं उत्तर लिहीन, ते देते. बोलीचा बाज तुम्ही जिल्ह्याप्रमाणे बदला.

‘हक्कसोडपत्र म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावे सोडून देण्याचा दस्त. जमिनीच्या बाबतीत तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. एकदा नोंदवला की मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टात दावा करावा लागतो, आणि त्याला साधारणपणे ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. वडील वारल्यावर अमुक दिवसांत हक्कसोडपत्र केलंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. तुम्ही सही करावी की नाही, हे मी सांगू शकत नाही. जमीन वडिलांकडे कशी आली, पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली आहे का, तुमचं लग्न कधी झालं आणि तुमच्यापुढे ठेवलेल्या कागदावर नेमकं काय लिहिलं आहे, यावर ते ठरतं. हे कागद वकिलाला दाखवा. तुम्ही स्त्री असल्यामुळे सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कुठे जायचं, ते सांगू का?’

यातलं ‘असा कोणताही कायदा नाही’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्याकडे बायकांना सांगितलं जातं की तेराव्याच्या आत सही झाली नाही तर जमीन सरकारजमा होते, पीक विमा अडकतो, अनुदान परत जातं. घाई ही फसवणुकीची खूण असते. कायद्यात घाई नाही, एवढं कळलं तरी बाई चार दिवस थांबते. हे सांगायला कागद पाहावे लागत नाहीत, म्हणजे हे यंत्रानं सांगण्यासारखं आहे, आणि तेच त्या चाचणी आवृत्तीत नव्हतं.

मात्र एका ठिकाणी खरोखर घाई असते आणि तिथे चॅटबॉटनं मोघम बोलून चालणार नाही. वारसाचा फेरफार घालताना तलाठी नोटीस काढतो, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. त्यानंतर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत साठ दिवस. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. मी त्या चॅटबॉटला विचारलं, ‘फेरफार भावाच्या नावानं झालाय, आता माझा हक्क गेला का?’ तो म्हणाला, ‘महसूल अभिलेखात नाव नसल्यास आपला मालकी हक्क सिद्ध करणे कठीण होईल.’ हे वाचून कुणीही घरी बसेल. खरी गोष्ट अशी की फेरफारानं मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. महसुली नोंद खरी धरली जाते, पण खोटी सिद्ध होईपर्यंतच. हक्काचा निवाडा दिवाणी कोर्टच करतं. अपिलाचे साठ दिवस उलटले म्हणून वाटणीचा दावा बुडत नाही. दोन वेगळ्या चुली आहेत, एक तहसिलात आणि एक कोर्टात, आणि दोन्हींवरचं घड्याळ वेगळं. चॅटबॉटनं एवढंच विचारावं, ‘फेरफार प्रमाणित झाल्याची तारीख तुमच्याकडच्या कागदावर कोणती आहे?’ आणि तारीख जवळची असेल तर व्याख्या बाजूला ठेवून, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहावं की मुदत चालू असण्याची शक्यता आहे, उद्याच वकिलाला भेटा. स्वतः दिवस मोजून ‘अजून बावीस दिवस आहेत’ असं सांगायला जाऊ नये. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, यावरच निम्मे वाद होतात.

आता मराठवाड्याची गोष्ट, जी पुण्या-मुंबईत बसून बनवलेल्या कुठल्याही चॅटबॉटात हटकून चुकते.

त्याला मी विचारलं, ‘आमच्या आज्यानं कूळ म्हणून जमीन कसली. आमचा हक्क आहे का?’ उत्तर आलं: १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक झालं, कलम ३२. अगदी ठाम. फक्त तो मुंबईचा १९४८ चा कूळकायदा आहे, पश्चिम महाराष्ट्रातला. आपण १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यात होतो. आपल्या जमिनींना हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० लागू आहे. त्यात संरक्षित कूळ ही वेगळीच भानगड आहे, मालकी देणारं कलम ३८-ई आहे, तारखा वेगळ्या, पुरावा वेगळा. विदर्भाचा १९५८ चा तिसराच कायदा आहे. एकाच राज्यात तीन कूळकायदे असताना चॅटबॉटनं जिल्हा न विचारता उत्तर देणं म्हणजे धोकाच. नांदेडच्या माणसाला साताऱ्याचा कायदा मिळाला, तोही इतक्या छान मराठीत की शंका यायला जागा नाही.

इनामाचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम, संरक्षित कूळ, भोगवटादार वर्ग २ यांपैकी काहीही असेल, तर त्या जमिनीचं हस्तांतर करता येतं का, परवानगी कुणाची लागते, वाद महसूल अधिकाऱ्यापुढे चालेल, दिवाणी कोर्टात की वक्फ न्यायाधिकरणात, हे सगळं त्या नोंदीच्या इतिहासावर ठरतं. तो इतिहास १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात, जुन्या पाहणी पत्रकांत आणि कधीकधी निजामकाळच्या उर्दूतल्या मुन्तखबात असतो. आमच्या बारमध्ये हे कागद वाचता येणारी जुनी मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांना दुपारी चारनंतर चहाशिवाय बोलतं करता येत नाही. चॅटबॉटला हे कागद दिसणार नाहीत, आणि फोटो काढून दिले तरी वाचता येतील असं मला वाटत नाही. म्हणून हे शब्द नुसते ऐकले तरी त्यानं हात टेकावेत. ‘या नोंदीचा अर्थ जुने कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, सोबत १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि त्यापुढचे सगळे फेरफार न्या.’ एवढं उत्तर पुरे.

याच्याच जोडीला, वारशाच्या प्रश्नात तो गृहीत धरतो की विचारणारं कुटुंब हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली येतं. बौद्ध, जैन, शीख कुटुंबं त्यात येतात. मुस्लिम कुटुंब येत नाही. तिथे मुलीचा हिस्सा असतोच, पण मुलाच्या निम्मा, आणि जन्मजात हक्क ही कल्पनाच नाही. परभणीत, नांदेडात, संभाजीनगरात निम्मा मोहल्ला चुकीचं उत्तर घेऊन घरी जाईल. आणि किनवटकडच्या आदिवासी बहिणीला तर कलम २(२) प्रमाणे हा कायदा सरसकट लागूच नाही. तिथे रूढी काय सांगते आणि कोर्टांनी काय म्हटलंय, हे वकिलानंच पाहायचं. धर्म-जमात विचारायला संकोच वाटतो, हे मला समजतं. मग न विचारता, उत्तर देण्याआधीच सांगा, की हा हिशेब अमुक कुटुंबांसाठी आहे, तुमचं त्यात येत नसेल तर पुढे वाचू नका.

असं चुकलं तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागलं. न्यूयॉर्क शहरानं २०२३ च्या ऑक्टोबरात छोट्या धंदेवाल्यांसाठी सरकारी चॅटबॉट सुरू केला. नोकरांना मिळालेल्या बक्षिसीतून मालकानं वाटा घेतला तरी चालतो, असं तो सांगत होता. कायदा नेमका उलटा आहे. २०२४ च्या मार्चमध्ये पत्रकारांनी हे उघड केलं. त्याच्याही पानावर ‘माहिती चुकीची असू शकते’ अशी सूचना होतीच. सरकारी शिक्का असला की लोक सूचना वाचत नाहीत. आपल्या प्राधिकरणाचं बोधचिन्ह ज्या चॅटबॉटवर लागेल, त्याचं प्रत्येक वाक्य लोक न्यायाधीशांनी सांगितलं असंच धरतील.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. वकिली करण्याचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं नोंदणीकृत वकिलालाच आहे, आणि वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, मत देणं आणि मसुदा करणं हेही त्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या ए. के. बालाजी प्रकरणात म्हटलं आहे. तेव्हा ‘माहिती’ आणि ‘सल्ला’ यांतली रेष ही केवळ सभ्यतेची बाब नाही.

आता वकिलाकडे पाठवण्याबद्दल. ‘वकिलांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य गावातल्या बाईला काय सांगतं? फी लागेल. कुठला वकील, माहीत नाही. भावानंच एक वकील धरलेला आहे, त्याच्याकडेच जायचं का? म्हणजे ते वाक्य तिला दार दाखवत नाही, उलट लावून घेतं. आणि आपल्याकडे तर दार आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्रियांना मोफत वकील, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार यांनाही तसंच. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथली माणसं लिहून घेतात. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही समिती उचलते. चॅटबॉटनं हे सांगताना ‘तालुका विधी सेवा समिती’ एवढं नाव घेऊन थांबू नये, कारण ते नाव बाहेर कुणालाच ठाऊक नाही. ‘तुमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत जा आणि मोफत वकिलाचं ऑफिस विचारा’ असं सांगावं. फोन करायचा असेल तर १५१००. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक तोंडपाठ व्हायला सोपा आहे.

सोबत काय न्यायचं, हे सांगितलं तर वकिलाचा आणि बाईचा एकेक हेलपाटा वाचतो. चालू सातबारा आणि आठ-अ. त्या गटाचे जितके मिळतील तितके जुने फेरफार. वडिलांचा मृत्यूचा दाखला. स्वतःची लग्नपत्रिका किंवा लग्नाच्या तारखेचा कुठलाही पुरावा. आणि सही मागितलेल्या कागदाचा, तो हातात देत नसतील तर निदान मोबाईलवर काढलेला, फोटो. यातल्या लग्नपत्रिकेवर बायका हसतात. ‘तिचं काय काम?’ म्हणतात. वर १९९४ ची गोष्ट सांगितली आहे, त्यावरून काम कळेल.

एक सावधगिरी. चॅटबॉटनं कुठल्याही खासगी वकिलाचं नाव सुचवता कामा नये. वकिलांना जाहिरात करायला आणि पक्षकार ओढून आणायला बार कौन्सिलच्या नियम ३६ नं बंदी आहे. एखादी कंपनी फुकट चॅटबॉट देते आणि शेवटी आपल्याच यादीतल्या वकिलांकडे पाठवते, तेव्हा कोर्टाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या दलालात आणि त्यात फरक काय राहिला? फुकट मिळतंय म्हणून करार करण्याआधी हा नियम आपण वाचून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आहे, ती तंत्रज्ञ मंडळींच्या लक्षात आली नसेल. बाई मला जे सांगते ते तिच्या परवानगीशिवाय मी उघड करू शकत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ तिला हे संरक्षण देतं. चॅटबॉटशी झालेल्या बोलण्याला ते नाही. आणि कायद्याचं राहू द्या, फोन कुणाचा असतो? बहुतेकदा नवऱ्याचा, नाहीतर घरातल्या पोराचा, आणि रिचार्ज कधीकधी ज्या भावाशी वाद आहे त्याचाच मुलगा मारतो. तिनं आवाजात विचारलेला प्रश्न तिथे तसाच राहतो. म्हणून सुरुवातीलाच, पहिल्या प्रश्नाच्या आधी, तीन साध्या गोष्टी सांगा: नाव, गाव, गट नंबर लिहू नका, हे बोलणं गुप्त राहील याची हमी नाही, बोलणं झाल्यावर पुसून टाका, आणि पुसायचं ते असं. मारहाणीचा, घरातून काढण्याचा प्रश्न असेल तर ही सूचना आणखी ठळक हवी.

माझं मागणं फार मोठं नाही. कुठलाही चॅटबॉट स्वीकारण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या पॅनेलवरचे तीन वकील, एक निवृत्त नायब तहसीलदार आणि गावात काम करणाऱ्या दोन विधी स्वयंसेविका एका टेबलाशी बसवा. आपल्याच समितीकडे आलेल्या जुन्या अर्जांतले प्रश्न, नावं काढून, लोकांच्या शब्दांत त्याला विचारा. उत्तर बरोबर आलं की नाही, एवढंच पाहू नका. त्यानं कुठे थांबायला हवं होतं आणि तो कुठे थांबला, हे पाहा. जिल्हा विचारला का, तारीख विचारली का, न पाहिलेल्या कागदाचं नाव घेतलं का, आणि पाठवलं ते दार खरोखर उघडं असतं का. फौजदारी प्रश्नही घाला. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्याला तो अजून भारतीय दंड संहितेचं कलम ४२० सांगत असेल, तर त्याच्या पोटातला कायदा शिळा आहे हे लगेच कळेल. ही तपासणी एकदा करून भागणार नाही. कायदा बदलला, शासन निर्णय आला की पुन्हा करावी लागेल, आणि ती कोण करणार याचं नाव करारात लिहिलेलं असावं.

दुसरं, मोजमाप. चॅटबॉटशी किती लोक बोलले, हा आकडा बनवणारे आपल्याला दर महिन्याला आनंदानं देतील. तो आकडा अहवालात घालायला बरा दिसतो. माझी विनंती आहे की आपण दुसरा आकडा मागावा: त्यानं पाठवलेल्यांपैकी किती जण समितीच्या ऑफिसात पोचले. त्यासाठी फार तंत्र लागत नाही. पाठवताना चॅटबॉटनं एक चार आकडी खूणक्रमांक द्यावा, त्यात नाव-गाव काही नको. अर्ज लिहून घेणाऱ्या कारकुनानं तो रजिस्टरात टिपावा. महिनाअखेरीस दोन्ही याद्या ताडून पाहिल्या की कुठल्या तालुक्यातली माणसं वाटेत गळतात ते दिसेल. आमच्याकडे बहुधा ती बाजाराच्या दिवशी गळतात, कारण त्या दिवशी गावाहून येणं सोयीचं म्हणून सगळे येतात, आणि टेबलाशी माणूस एकच असतो. त्या दिवसासाठी पॅनेलवरचा दुसरा वकील नेमून द्यावा. माझं नाव घातलं तरी माझी हरकत नाही.

कळावे,
आपली,
तालुका कोर्टातली, विधी सेवा पॅनेलवरची एक वकील